तीस मिनिटं उलटली तर काय? एका परिच्छेदाची स्लाइड होताना हरवलेल्या अटी आणि अपवाद

## पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मोठ्या रुग्णालयातलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, पण परिच्छेद, स्लाइडवरचे मुद्दे आणि त्यावरून झालेला गोंधळ जसा होता तसाच दिला आहे. रुग्णालयाच्या रक्तपेढीनं वॉर्डसाठी रक्तपिशव्या हाताळण्याची नियमावली लिहिली होती. नव्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी प्रशिक्षण विभागानं त्या नियमावलीच्या स्लाइड केल्या. त्यातली एक स्लाइड अडचणीची ठरली आणि ती नव्याने करून देण्यासाठी मला बोलावलं गेलं. मी प्रशिक्षणाचं साहित्य लिहितो आणि संपादित करतो. वैद्यकीय निर्णय माझे नव्हते, ते रक्तपेढी अधिकाऱ्यांचे होते. माझं काम त्यांच्या वाक्यांतले संबंध स्लाइडवर शाबूत ठेवण्याचं होतं.

नियमावलीतला मूळ परिच्छेद असा:

> रक्तपेढीतून दिलेली तांबड्या पेशींची पिशवी नियंत्रित तापमानाच्या (2 ते 6 अंश सेल्सियस) बाहेर 30 मिनिटांपेक्षा जास्त काळ राहिल्यास ती साठ्यात परत घेतली जाणार नाही, कारण तेवढ्या वेळात पिशवीचे तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे गेलेले असू शकते व ती पुन्हा थंड केली तरी दुसऱ्या रुग्णासाठी वापरता येत नाही. मात्र ज्या रुग्णासाठी ती दिली आहे त्यास ती देण्यास हरकत नाही, परंतु नियंत्रित तापमानातून बाहेर काढल्यापासून 4 तासांच्या आत रक्त चढवणे पूर्ण झाले पाहिजे, अन्यथा जंतुवाढीचा धोका असल्याने उरलेले रक्त चढवू नये. शीतपेटीतील पिशवीस, पेटीवर नमूद मुदत संपलेली नसल्यास व सील अखंड असल्यास, वरील मर्यादा लागू नाही. वॉर्डमधील फ्रिजमध्ये रक्त ठेवू नये, कारण त्याच्या तापमानाची नोंद ठेवली जात नाही. प्लेटलेटना हे नियम लागू नाहीत. त्याही फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

हा परिच्छेद वाईट लिहिलेला आहे असं मला वाटत नाही. जड आहे, पण प्रत्येक वाक्यांश कशाला तरी बांधलेला आहे. त्यावरून तयार झालेली स्लाइड अशी होती:

रक्तपिशवी हाताळणी: महत्त्वाचे मुद्दे
- तापमान 2–6 अंश सेल्सियस
- 30 मिनिटांत परत करा
- 4 तासांत रक्त चढवणे पूर्ण करा
- जंतुवाढीचा धोका
- शीतपेटी: मुदत तपासा
- शीतपेटी: सील तपासा
- वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवू नका
- प्लेटलेट: फ्रिज नाही

ज्यांनी ही स्लाइड केली त्यांनी नेहमीचीच पद्धत वापरली होती. परिच्छेदातल्या ठळक संज्ञा आणि आकडे उचलायचे, प्रत्येकाची एक छोटी ओळ करायची, ओळी साधारण सारख्या लांबीच्या ठेवायच्या. स्लाइड दिसायला नीटनेटकी होती आणि तिच्यातली एकही ओळ उघडपणे खोटी नव्हती. म्हणूनच तपासणीत ती कोणाच्या नजरेला खटकली नाही.

## अडचण

प्रशिक्षणानंतर काही आठवड्यांनी एका वॉर्डमधून तांबड्या पेशींची पिशवी रक्तपेढीत परत आली. पिशवी वॉर्डात पोहोचली तेव्हा रुग्णाच्या हाताच्या शिरेतली सुई निकामी झाली होती. दुसरी शीर मिळेपर्यंत पाऊण तास गेला. सिस्टरना स्लाइड आठवत होती: 30 मिनिटांत परत करा. 30 मिनिटं उलटली म्हणजे पिशवी वाया गेली, असा अर्थ त्यांनी घेतला आणि ती परत पाठवली. रक्तपेढीला ती साठ्यात घेता येईना, म्हणून ती टाकून द्यावी लागली. रुग्णाला दुसऱ्या पिशवीची वाट पाहावी लागली. मूळ परिच्छेदाप्रमाणे ती पिशवी त्याच रुग्णाला देता आली असती, 4 तासांच्या मुदतीतले तीन तासांहून जास्त शिल्लक होते.

रुग्णाला इजा झाली नाही. पण पुढच्या प्रशिक्षण सत्रात समन्वयक मॅडमनी हाच प्रसंग उत्तर न सांगता मांडला आणि विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" उत्तरं तीन तऱ्हेची आली. काहींनी पिशवी परत पाठवायची म्हटलं. काहींच्या मते 30 मिनिटांच्या आत रक्त चढवणं सुरू व्हायला हवं होतं, ते झालं नाही म्हणून आता डॉक्टरांना विचारावं. आणि काहींनी 4 तास आहेत म्हणून द्यायला हरकत नाही असं सांगितलं. तिन्ही गटांनी एकच स्लाइड पाहिली होती आणि तिन्ही वाचनं त्या स्लाइडवरून निघू शकत होती. "30 मिनिटांत परत करा" या ओळीत परत न केल्यास काय होतं हे नाही, कोणासाठी ही मुदत आहे हे नाही, आणि पुढच्या "4 तास" या ओळीशी तिचं नातं काय हेही नाही.

## परिच्छेदातले सांधे

मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे परिच्छेद कागदावर छापून घेतला आणि आकड्यांना अजिबात हात न लावता फक्त जोडणारे शब्द अधोरेखित केले: राहिल्यास, कारण, मात्र, परंतु, अन्यथा, असल्याने, नसल्यास, असल्यास, पुन्हा एकदा कारण, आणि शेवटचं "लागू नाहीत". मग तीच पेन्सिल जुन्या स्लाइडवर फिरवली. अधोरेखित करण्यासारखा एकही शब्द सापडला नाही.

बुलेटची मांडणी मुळात एकच नातं दाखवते, ते म्हणजे "आणि". एकाखाली एक ओळी लिहिल्या की वाचणारा त्यांना समान दर्जाच्या, एकमेकींपासून सुट्या गोष्टी समजतो. परिच्छेदात जिथं "कारण" किंवा "मात्र" होतं तिथं स्लाइडवर नुसती नवी ओळ सुरू झाली की तो संबंध पुसला जातो आणि त्याच्या जागी गुपचूप "आणि" येऊन बसतं. "जंतुवाढीचा धोका" ही ओळ त्याचं सरळ उदाहरण आहे. मूळ परिच्छेदात ते 4 तासांच्या मर्यादेचं कारण होतं. स्लाइडवर ती स्वतंत्र माहिती झाली आणि सत्रात एका सिस्टरनी ती 30 मिनिटांच्या ओळीला जोडून वाचली, कारण ती नेमक्या कुठल्या ओळीची आहे हे दाखवणारं काहीच नव्हतं.

शीतपेटीच्या दोन ओळींत वेगळा बिघाड होता. परिच्छेदात मुदत शिल्लक असणं आणि सील अखंड असणं या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात, तरच वेळेची मर्यादा सुटते. स्लाइडवर त्या दोन स्वतंत्र सूचना झाल्या: हे तपासा, ते तपासा. तपासून काय मिळतं, आणि एक बरोबर निघाली व दुसरी चूक तर काय, याचा पत्ताच नाही. अट असलेली गोष्ट आज्ञेत बदलली की तिचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे "तर" नंतरचा भाग, नाहीसा होतो.

आणि फ्रिजच्या दोन ओळी. तांबड्या पेशींना वॉर्डचा फ्रिज चालत नाही कारण त्याच्या तापमानाचा भरवसा नाही. रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये तर त्या ठेवलेल्याच असतात. प्लेटलेटना मात्र कुठलाच फ्रिज चालत नाही. त्या रुग्णालयात त्या 20 ते 24 अंश सेल्सियसला, सतत हलत्या ठेवल्या जातात. मनाई सारखी दिसते, कारणं निरनिराळी आहेत आणि मनाईची व्याप्तीही निरनिराळी आहे. स्लाइडवर त्या एकाखाली एक आल्यामुळे एकाच नियमाच्या दोन आवृत्त्या वाटत होत्या.

## पर्याय आणि त्यांची पारख

पहिला पर्याय रक्तपेढी अधिकाऱ्यांचा होता: परिच्छेदच स्लाइडवर टाका. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं, त्यांच्या शब्दांत काही हरवलं नव्हतं. पण एवढा मजकूर पडद्यावर आला की लोक वाचण्यात गुंततात आणि बोलणाऱ्याकडे दुर्लक्ष होतं. शिवाय मागच्या रांगेला तो वाचता येत नाही. परिच्छेद हातात देण्याच्या कागदावर ठेवायचा, एवढं मात्र तिथंच ठरलं.

दुसरा पर्याय जुन्या ओळींत शब्द वाढवण्याचा. "30 मिनिटांत परत करा (अन्यथा साठ्यात घेतली जाणार नाही, पण रुग्णाला देता येईल)" असं. एका ओळीपुरतं हे बरं दिसतं. सगळ्या ओळींना असे कंस लागले की प्रत्येक ओळ छोटा परिच्छेद होते, आणि कंसातला मजकूर डोळा सहज ओलांडून जातो. ज्या मजकुरामुळे पिशवी वाचली असती तोच कंसात टाकणं मला पटलं नाही.

तिसरा पर्याय प्रवाहचित्राचा होता. प्रश्न, हो, नाही, बाण. ज्या नियमांत निर्णयांची साखळी लांब असते तिथं तो उत्तम. इथं खरे प्रश्न थोडेच होते आणि चित्रात कारणांना जागा मिळत नव्हती. बाणाच्या शेजारी कारण लिहिलं की बाण दिसेनासा होतो.

चौथा पर्याय तक्त्याचा. डावीकडे परिस्थिती, उजवीकडे कृती. अटी अनेक आणि एकमेकींत मिसळणाऱ्या असतील तर तक्त्याइतकं पारदर्शक काही नाही, कारण कुठली जोडी राहून गेली ते रिकाम्या चौकोनावरून दिसतं. मी तो केला, पण स्वतःच्या तपासणीसाठी. "सील अखंड, मुदत संपलेली" आणि "सील फुटलेलं, मुदत शिल्लक" या दोन जोड्यांबद्दल परिच्छेद काय म्हणतो हे मला तक्ता भरतानाच नीट कळलं. पडद्यावर मात्र तक्ता सगळ्या परिस्थितींना सारखंच वजन देतो. इथं एक नियम मुख्य होता आणि बाकीचे त्याचे अपवाद होते. हा उतरता क्रम तक्त्यात सपाट झाला असता.

पाचवा पर्याय बुलेटच ठेवण्याचा, पण आत सरकवलेल्या ओळींना ठरलेला अर्थ देऊन. शेवटी हाच घेतला. यात एक धोका आहे आणि त्याचं सर्वांत गंभीर उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. 2003 साली कोलंबिया अवकाशयान उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. यान अजून अवकाशात असताना त्या आघाताबद्दल अभियंत्यांनी एक स्लाइड केली. तिचं शीर्षक धीर देणारं होतं. चाचणीत वापरलेला तुकडा 3 घन इंच आणि प्रत्यक्षात आदळलेल्या तुकड्याचा अंदाज 1920 घन इंच, म्हणजे उपलब्ध चाचण्या या परिस्थितीला लागूच होत नव्हत्या, ही बाब स्लाइडच्या अगदी तळाशी, आत सरकवलेल्या ओळीत होती. परतीच्या प्रवासात यान नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्याच वर्षीच्या चौकशी अहवालात या स्लाइडची स्वतंत्र चिकित्सा आहे. एका स्लाइडमुळे अपघात झाला असं म्हणणं चूक ठरेल, पण मर्यादा सांगणारी ओळ जिथं ठेवली जाते तेवढंच वजन तिला वाचणारा देतो, हे त्यातून स्पष्ट दिसतं. म्हणून आत सरकवायचं ठरवलं तरी काय आत सरकवायचं आणि किती, हे आधी ठरवणं भाग होतं.

## घेतलेले निर्णय

मजकुराचा क्रम बदलायचा का? परिच्छेद नियम करणाऱ्याच्या क्रमानं लिहिलेला होता: आधी साठ्याचं रक्षण, मग रुग्ण, मग पेटी. वॉर्डमधल्या सिस्टरसमोर प्रश्न वेगळ्या क्रमानं येतो. हातात पिशवी आहे. ही परत करायची आहे की द्यायची आहे? 30 मिनिटं पहिल्या प्रश्नाची आहेत, 4 तास दुसऱ्या प्रश्नाचे. जुन्या स्लाइडवरचा सगळा गोंधळ हे दोन आकडे एका यादीत बसवल्यामुळे झाला होता. म्हणून स्लाइड दोन केल्या आणि प्रत्येकीचं शीर्षक म्हणजे अटीचा पहिला भाग: "परत करायची असेल तर" आणि "रुग्णाला द्यायची असेल तर". शीर्षकातच अट बसल्यामुळे खालच्या प्रत्येक ओळीत ती पुन्हा लिहावी लागली नाही. "महत्त्वाचे मुद्दे" या शीर्षकानं ती जागा नुसती अडवून ठेवली होती.

आत सरकवलेल्या ओळीचा अर्थ काय? बहुतेक स्लाइडवर आतली ओळ कधी उदाहरण असते, कधी तपशील, कधी जागा उरली नाही म्हणून खाली ढकललेला शेपटाचा भाग. आम्ही ठरवलं की आतल्या ओळीची सुरुवात "का", "मात्र" किंवा "नाहीतर" यांपैकी एका शब्दानंच होईल आणि ती फक्त तिच्या लगेच वरच्या ओळीबद्दल बोलेल. आत सरकवायची पायरी एकच, त्याच्या आत आणखी नाही. या नियमामुळे एक तपासणी सोपी झाली: ज्या आतल्या ओळीला या तिघांतला एकही शब्द लागत नाही, तिची जागा तिथं नाही.

कारण पडद्यावर ठेवायचं की बोलणाऱ्याच्या टिपणांत? समन्वयक मॅडमना कारणं टिपणांत हवी होती. त्या म्हणाल्या, "स्लाइडवर काय करायचं तेवढंच हवं, का ते मी सांगते." जागेच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. मी एक प्रसंग पुढे ठेवला. पिशवी 20 मिनिटं बाहेर राहिली, मग कोणीतरी ती वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवली, तासाभरानं काढली. आता किती मिनिटं मोजायची? स्लाइडवर याचं उत्तर नाही आणि सगळे प्रसंग स्लाइडवर मावणारही नाहीत. पण "पुन्हा थंड केल्यानं दोष जात नाही" हे कारण माहीत असेल आणि वॉर्डच्या फ्रिजच्या तापमानाची नोंद नसते हेही माहीत असेल, तर मोजणी थांबली नव्हती हे सिस्टरना स्वतःला काढता येतं. यावरून आमची कसोटी ठरली: नियमात न लिहिलेल्या प्रसंगात जे कारण निर्णय बदलतं ते पडद्यावर, बाकीची टिपणांत. 2 ते 6 अंशच का, याचं स्पष्टीकरण टिपणांत गेलं, कारण वॉर्डमध्ये त्यावरून कोणालाही काही ठरवायचं नसतं.

"वरील मर्यादा" म्हणजे कोणती? हा सर्वांत महत्त्वाचा थांबा होता. शीतपेटीच्या वाक्यात "वरील मर्यादा लागू नाही" असं होतं. वर तर दोन मर्यादा होत्या. अपवाद फक्त 30 मिनिटांना आहे की 4 तासांनाही? परिच्छेदात हे झाकून राहतं, वाचणारा आपल्याला पटेल तो अर्थ घेऊन पुढे जातो. स्लाइडवर अपवाद कुठल्यातरी ओळीखाली लिहावाच लागतो आणि तिथं लपायला जागा नसते. मला वाटलं होतं की तो पहिल्याच मर्यादेला असेल. पण अंदाजावर न जाता अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांचं उत्तर: दोन्हींना. बंद पेटी म्हणजे नियंत्रित तापमानच, त्यामुळे पिशवी "बाहेर" आलेलीच नसते. सील फुटल्याच्या किंवा मुदत संपल्याच्या क्षणापासून दोन्ही मोजण्या सुरू होतात. म्हणजे तो खरं तर अपवाद नव्हताच, मोजणी कुठून सुरू होते याची व्याख्या होती. ती कुठल्याही एका ओळीखाली न ठेवता दोन्ही स्लाइडच्या वर, शीर्षकाच्या लगेच खाली ठेवली. आणि नियमावलीतलं मूळ वाक्यही अधिकाऱ्यांनी दुरुस्त केलं.

प्लेटलेट कुठं? "हे नियम लागू नाहीत" हा अपवाद सगळ्या परिच्छेदाला होता, एखाद्या ओळीला नव्हता. अशा अपवादाची जागा तळाशी नसते, कारण तिथवर पोहोचेपर्यंत वाचणाऱ्यानं वरचं सगळं सर्व रक्तघटकांना लावून टाकलेलं असतं. शीर्षकाची सुरुवातच "तांबड्या पेशी" अशी केली आणि प्लेटलेटना स्वतंत्र स्लाइड दिली.

## नव्या स्लाइड

तांबड्या पेशी: पिशवी परत करायची असेल तर
मोजणी सुरू: पिशवी रक्तपेढीच्या फ्रिजमधून किंवा बंद शीतपेटीतून बाहेर आली तेव्हापासून. पेटी बंद धरायची ती सील अखंड आणि मुदत शिल्लक, दोन्ही असतील तरच.
- 30 मिनिटांपर्यंत: रक्तपेढी साठ्यात परत घेते
- 30 मिनिटं उलटली: साठ्यात परत घेत नाही
  - का: पिशवी गरम झालेली असू शकते, पुन्हा थंड केल्यानं दोष जात नाही
  - मात्र: त्याच रुग्णाला देता येते, पुढची स्लाइड पाहा
- वॉर्डच्या फ्रिजमध्ये ठेवली तरी मोजणी चालूच
  - का: त्या फ्रिजच्या तापमानाची नोंद नसते

तांबड्या पेशी: त्याच रुग्णाला द्यायची असेल तर
मोजणी सुरू: (मागच्याप्रमाणेच, पूर्ण मजकूर पुन्हा)
- 4 तासांच्या आत रक्त चढवणं पूर्ण व्हायला हवं, नुसतं सुरू नव्हे
  - का: त्यानंतर जंतुवाढीचा धोका
  - नाहीतर: उरलेलं रक्त चढवू नका, डॉक्टरांना आणि रक्तपेढीला कळवा
- 30 मिनिटं उलटली तरी देता येते
  - मात्र: 4 तास पहिल्यापासूनच मोजायचे

दुसऱ्या स्लाइडवरची शेवटची ओळ परिच्छेदात या शब्दांत नव्हती. ती आम्ही पाऊण तासाच्या प्रसंगासाठी मुद्दाम घातली आणि अधिकाऱ्यांकडून मंजूर करून घेतली. "डॉक्टरांना आणि रक्तपेढीला कळवा" हेही परिच्छेदात नव्हतं, पण "चढवू नये" म्हटल्यावर पुढे काय, हा प्रश्न वॉर्डात उभा राहतोच. अशा भरीबद्दल मी फार काटेकोर असतो: स्लाइड करणाऱ्यानं नियमात नसलेली ओळ घातली तर ती नियमाच्या मालकाच्या नजरेखालून गेलीच पाहिजे. वॉर्डच्या फ्रिजची ओळ मात्र तपासताना माझ्या हातून "ठेवू नका" वरून "ठेवली तरी मोजणी चालूच" अशी बदलली होती. अधिकाऱ्यांनी ती तशीच ठेवायला सांगितली, पण मनाई वेगळ्या ओळीत ठेवा म्हणाले, कारण "चालूच" वाचून ठेवायला परवानगी आहे असं कोणाला वाटू नये. छापील कागदावर मनाईची ओळ पहिली आहे.

## तपासणी आणि निष्पत्ती

स्लाइड दाखवण्याआधी त्या परिच्छेद न वाचलेल्या दोन व्यक्तींना दिल्या: एक लेखा विभागातली, एक भांडारातली. त्यांना सांगितलं की या स्लाइडवरून सलग वाक्यांत नियम लिहून काढा. दोघांच्या वाक्यांत "कारण", "पण" आणि "तरच" योग्य ठिकाणी आले. एकानं "30 मिनिटांपर्यंत रक्तपेढी परत घेते" यावरून 30 मिनिटांत परत करणं बंधनकारक आहे असं लिहिलं. म्हणून "परत घेते" वर तोंडी भर द्यायचा, असं टिपणांत नोंदवलं. ही उलट्या दिशेची तपासणी मला सर्वांत भरवशाची वाटते. परिच्छेद ज्याला माहीत आहे तो स्लाइडमधल्या गाळलेल्या जागा नकळत स्वतःच भरतो.

पुढच्या सत्रात मॅडमनी तोच पाऊण तासाचा प्रसंग पुन्हा दिला. या वेळी जवळजवळ सगळ्यांनी पिशवी त्याच रुग्णाला द्यायची, 4 तास बाहेर काढल्यापासून मोजायचे, असं सांगितलं. फुटलेल्या सीलच्या प्रसंगावर मात्र अजून चाचपडणं होतं. सील फुटलं पण पेटी तशीच थंड आहे, मग? स्लाइडवर "दोन्ही असतील तरच" होतं, पण ते लांबलचक वाक्याच्या शेवटी होतं आणि सीलचं कारण कुठंच नव्हतं. सील हा पेटी किती वेळ उघडी होती हे न कळण्यावरचा उपाय आहे, एवढी एक ओळ तिथं हवी होती.

एक अनपेक्षित गोष्ट घडली. एका वॉर्डनं दुसरी स्लाइड छापून भिंतीवर लावली, फक्त दुसरीच. मोजणी कुठून सुरू होते हे तिच्यावर पूर्ण लिहिलेलं असल्यामुळे तेवढ्यापुरतं निभावलं. पहिल्या स्लाइडचा हवाला देऊन "मागच्याप्रमाणे" एवढंच लिहिलं असतं तर भिंतीवर अर्धाच नियम गेला असता.

## वेगळं काय करता आलं असतं

मॅडमनी सादरीकरणात आतल्या ओळी एकेक करून दिसतील अशी योजना केली होती, म्हणजे आधी नियम, मग क्लिकवर कारण, मग अपवाद. बोलण्याच्या ओघाला ते छान जमतं. पण लोक पडद्याचा मोबाइलवर फोटो घेतात, आणि बरेच फोटो "साठ्यात परत घेत नाही" आणि "मात्र" यांच्या मधल्या क्षणी घेतले गेले. गटात फिरलेल्या एका फोटोत नियम होता, अपवाद नव्हता, म्हणजे जुन्या स्लाइडचीच अडचण नव्या स्लाइडवरून परत आली. अपवाद नियमाबरोबर एकाच क्षणी दिसावा, आधीही नको आणि नंतरही नको, हे सुरुवातीलाच ठरवून टाकायला हवं होतं. नियमामागचं कारण थोडं नंतर दिसलं तर तेवढं बिघडत नाही.

दुसरं, "वरील मर्यादा" चा प्रश्न स्लाइडची मांडणी अर्धी झाल्यावर निघाला आणि तोवरची रचना मोडावी लागली. जोडशब्द अधोरेखित करतानाच प्रत्येक अपवादापुढे "कशाचा अपवाद?" असा प्रश्न लिहून ते सगळे एकदम अधिकाऱ्यांना विचारले असते तर तो आधीच सुटला असता. पुढच्या कामात हे करतो: अधोरेखित केलेल्या प्रत्येक "मात्र"पासून तो ज्या शब्दाला अडवतो त्या शब्दापर्यंत कागदावर रेघ ओढतो. जी रेघ कुठं न्यायची ते कळत नाही, ती मालकाकडे जाते.

तिसरं, प्लेटलेटची स्लाइड आम्ही घाईत उरकली. तिच्यावर तापमान आणि हलतं ठेवण्याची सूचना होती, पण प्लेटलेट परत करायच्या असतील तर काय, हे रक्तपेढीच्या नियमावलीतच नव्हतं. "हे नियम लागू नाहीत" असं लिहिलं की त्यांच्या जागी कोणते नियम लागू आहेत हे सांगावं लागतं. रक्तपेढी आता तो परिच्छेद लिहीत आहे.